‘बघू की, साहेब’

स्थळ बघून गेलेल्या पाहुण्यांकडून ‘घरी विचारून कळवतो’ असा निरोप आला, की घरातली आजी दुसऱ्या दिवसापासून नवीन स्थळाच्या चौकशीला लागते. ‘नाही’ हा शब्द कोणी उच्चारलेला नसतो. हातउसने पैसे मागणाऱ्याला ‘बघू, उसाचं बिल निघू दे’ असं उत्तर मिळालं, तर तो चहा पिऊन दुसऱ्या दाराकडे वळतो. आपल्याकडे नकार असाच दिला जातो आणि असाच ऐकला जातो.

हीच माणसं वेळापूर, माळशिरस, अकलूज भागातल्या दवाखान्यात येतात. डॉक्टर ऑपरेशन सुचवतो, इन्शुलिन सुचवतो. उत्तर येतं, ‘बघू की, साहेब.’ घरी हे वाक्य अचूक समजणारा डॉक्टर खुर्चीत बसल्यावर मात्र त्याचा अर्थ ‘अजून ठरलेलं नाही’ असा लावतो, केसपेपरवर ‘सल्ला दिला’ असं लिहितो आणि पुढच्या पेशंटला बोलावतो. माझ्या मते बहुतेक वेळा हे न समजणं सोयीचं असतं. नकार ऐकला, तर त्यावर बोलावं लागतं. ओपीडीत रांग दारापर्यंत असते.

एक उदाहरण सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. वय 54, ऊस आणि थोडी केळी. मधुमेहाला अकरा वर्षं झालेली. दोन प्रकारच्या गोळ्या पूर्ण मात्रेत चालू, तरी उपाशीपोटी साखर 240 च्या पुढे आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी 10.8. वजन सहा किलोनं उतरलेलं. गोळ्यांच्या मात्रा वाढवायला जागा उरलेली नव्हती. इन्शुलिनचं नाव काढलं, तेव्हा ते थोडं थांबले, बायकोकडे पाहिलं आणि म्हणाले, “बघू की, साहेब. पट्टा पडू दे.” पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा गळीत हंगाम संपणं. तो साधारण मार्च-एप्रिलमध्ये संपतो, आणि आमचं हे बोलणं डिसेंबरमधलं.

‘बघू’ खरं की नकाराचं, हे ओळखायला फार विद्वत्ता लागत नाही. खऱ्या ‘बघू’ला एक शेपूट असतं. ‘मंगळवारी भाऊ येतोय, त्याला विचारून बुधवारी येतो.’ त्यात दिवस असतो, माणूस असतो, नाहीतर एखादा प्रश्न असतो: सुई रोज घ्यायची का, खर्च किती, कायमची लागते का? नकाराच्या ‘बघू’त यातलं काही नसतं. त्याआधी क्षणभर शांतता असते, नजर बाजूला जाते, आणि पाठोपाठ असं कारण येतं ज्याचा आजाराशी संबंध नसतो. सेलिया किट्झिंगर आणि हॅना फ्रिथ या संशोधकांनी 1999 मध्ये लिहिलेल्या निबंधात हेच मांडलं होतं. रोजच्या बोलण्यात माणसं थेट ‘नाही’ क्वचितच म्हणतात. थांबतात, चाचरतात, कारण देतात, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. ‘तिनं स्पष्ट नाही म्हटलं नव्हतं’ हा ऐकणाऱ्याचा बचाव म्हणून त्यांना मान्य नव्हता. त्यांचा विषय तरुण मुली आणि लैंगिक बळजबरी हा होता, पण दवाखान्यालाही तो मुद्दा लागू पडतो.

मी त्यांना म्हटलं, “म्हणजे सध्या सुई नको, असं धरतो. चालेल?” खांदे सैल झाले. “व्हय, नकोच.” यानंतर ‘का नको?’ असं विचारू नये. डॉक्टरच्या तोंडून तो शब्द दटावणीसारखा लागतो. ‘अडचण कशाची आहे?’ म्हटलं की माणूस बोलतो. त्यांच्या आईला इन्शुलिन सुरू झालं आणि चार महिन्यांत पायाचा अंगठा कापावा लागला. घरानं दोन्हींची सांगड घातली होती: सुई लागली म्हणजे शेवट आला. अंगठा आधीच्या अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेनं गेला, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

दुसरी अडचण बायकोनं सांगितली. शेतीची लाईट आठवड्याआड रात्रीची असते. हे रात्री एकटे दारं धरायला, म्हणजे उसाला पाणी द्यायला जातात. शेजारच्या एकाला सुई घेऊन चक्कर आली होती. ही भीती वैद्यकीयदृष्ट्या अगदी रास्त होती. झोपताना घ्यायच्या मध्यम मुदतीच्या इन्शुलिनचा जोर साधारण चार ते दहा तासांनी असतो, म्हणजे नेमका पहाटे सऱ्यांत उभं असताना. ‘बघू’वरच थांबलो असतो, तर मी त्यांना झोपतानाचीच मात्रा लिहून दिली असती.

त्या दिवशी नकार केसपेपरवर नकार म्हणूनच लिहिला. गोळ्या चालू ठेवल्या. उलट्या, धाप, खूप ग्लानी यातलं काही झालं तर लगेच या, हे दोघांनाही सांगितलं. पंधरा दिवसांनी ते स्वतःहून आले आणि प्रश्न घेऊन आले: सुई सकाळी चालते का? चालते. थोड्या युनिटपासून सकाळची मात्रा सुरू केली, रात्रपाळीला खिशात साखर ठेवायला सांगितली, आणि फ्रिज नव्हता म्हणून बाटली मातीच्या ओल्या मडक्यात, प्लास्टिकच्या डबीत. (मात्रा आणि वेळ प्रत्येकाची वेगळी असते, शेजाऱ्याची आपल्याला चालत नाही.) सगळेच असे परत येत नाहीत. काही जण नको म्हणतात आणि नकोवर ठाम राहतात. तो त्यांचा अधिकार आहे. पण नकार मोकळेपणानं देता आला, तर निदान गोळ्यांना येत राहतात. ‘बघू’ म्हणून सुटका करून घेतलेला माणूस पुढच्या वेळी डॉक्टरला तोंड दाखवायला लाजतो आणि येणंच बंद करतो.

‘बघू’चा याहून वाईट अर्थ प्रसूतीच्या खोलीत लागू शकतो. बाळंतपणानंतर लगेच, वार पडल्यावर दहा मिनिटांत, किंवा 48 तासांच्या आत तांबी बसवता येते. पद्धत चांगली आहे, मीही सुचवतो. मात्र तिचं बोलणं गरोदरपणाच्या तपासण्यांतच व्हायला हवं. जोराच्या कळा चालू असताना विचारलं, की बाई म्हणते, ‘बघू नंतर.’ तिथे सासू ‘बसवा’ म्हणते, किंवा गडबडीत ते उत्तर होकारात धरलं जातं. इन्शुलिनच्या वेळी ‘बघू’ म्हणजे अनिर्णय आणि तांबीच्या वेळी होकार, एवढी लवचीक मराठी कुठल्याच गावात बोलली जात नाही.

समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2008 मध्ये या प्रश्नाची एक बाजू निकालात काढली. दुर्बिणीतून तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि अंडाशय तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. जिवावर बेतलेलं नव्हतं, पेशंट सज्ञान होती, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. म्हणून आईची संमती ग्राह्य नाही, आणि तपासणीची संमती म्हणजे शस्त्रक्रियेची संमती नव्हे, असं न्यायालय म्हणालं.

बाळंतिणीच्या बाबतीतही थांबता येतं. 48 तासांची मुदत असते. दुसऱ्या दिवशी सकाळी, सासू चहाला बाहेर गेलेली असताना, खाटेशेजारी बसून एवढंच म्हणायचं: “काल नंतर बघू म्हणालात. नको असेल तर नको म्हणा, औषधपाण्यात काही फरक पडणार नाही.”