लेऑफ, कपात की बडतर्फी? पत्रातल्या एका शब्दावर ठरतात तुमचे हक्काचे पैसे

'अमुक कंपनीत हजारोंचा लेऑफ' अशी बातमी आता दर काही दिवसांनी मोबाइलवर येते. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार असल्याचे जाहीर केले, तेव्हाही बहुतेक मथळ्यांत हाच शब्द होता. भारतीय कायद्यात मात्र लेऑफ म्हणजे नोकरी जाणे नव्हे. बातमीत ज्याला लेऑफ म्हणतात, ते कायद्याच्या भाषेत बहुतेक वेळा 'रिट्रेंचमेंट' म्हणजे कामगार कपात असते. नोटीस किती दिवसांची मिळणार आणि हातात किती पैसे पडणार, हे या फरकावरच अवलंबून असते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता, २०२० लागू झाली आणि तिने १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली. लेऑफ आणि कपातीचे मूळ नियम नव्या संहितेतही जवळपास तेच आहेत.

लेऑफ : काम थांबते, नोकरी राहते

कच्चा माल संपला, वीज नाही, यंत्र बिघडले, माल पडून राहिला किंवा नैसर्गिक आपत्ती आली, अशा कारणाने मालक तात्पुरते काम देऊ शकत नाही, तेव्हा तो लेऑफ. कामगाराचे नाव हजेरीपटावर कायम असते. काम सुरू झाले की तो परत कामावर येतो. त्यामुळे महिनाभर आधी नोटीस देण्याचे बंधन यात नाही.

या काळात मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या ५० टक्के भरपाई मिळते. साप्ताहिक सुटीचे दिवस त्यातून वगळले जातात. हा हक्क कारखाना, खाण किंवा मळ्यातल्या कामगाराला आहे. तिथे किमान ५० कामगार असावेत आणि त्याची सलग एक वर्ष सेवा झालेली असावी. कामाच्या वेळी तो रोज एकदा हजर झाला नाही, तर त्या दिवसाची भरपाई बुडते. 'काम नाही' म्हणून घरी बसून राहणाऱ्यांचे नुकसान इथेच होते.

बारा महिन्यांत लेऑफ ४५ दिवसांपेक्षा लांबला, तर मालक कपातीचा मार्ग धरू शकतो. मागच्या बारा महिन्यांत दिलेली लेऑफ भरपाई तेव्हा कपातीच्या भरपाईतून वळती करता येते.

कपात : नोकरी जाते, पण शिक्षा म्हणून नव्हे

कामगाराची चूक नसताना, मनुष्यबळ जास्त झाले किंवा विभाग बंद झाला म्हणून नोकरी संपवली, तर ती कपात. निवृत्ती, स्वेच्छेने दिलेला राजीनामा आणि ठरलेल्या मुदतीचा करार संपणे हे त्यात येत नाही.

सलग एक वर्ष सेवा झालेल्या कामगाराची कपात करताना कारण नमूद केलेली एक महिन्याची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस न दिल्यास त्याऐवजी एक महिन्याचे वेतन द्यावे लागते. शिवाय सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षासाठी १५ दिवसांचे सरासरी वेतन भरपाई म्हणून मिळते. शेवटचे अपुरे वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त असेल, तर तेही पूर्ण वर्ष धरतात. सरकारलाही कळवावे लागते. साधारण नियम 'शेवटी आलेला आधी जाणार' असा आहे. तो मोडायचा असेल तर मालकाने कारण नोंदवले पाहिजे.

३०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात नोटीस तीन महिन्यांची होते आणि सरकारची पूर्वपरवानगी लागते. पूर्वी ही मर्यादा १०० होती. आयटी कार्यालय कारखान्यात मोडत नसल्याने हजारो कर्मचारी असूनही परवानगीची ही अट तिथे लागत नाही.

हिशेब करून पाहू

समजा, चाकणमधल्या १८० कामगारांच्या कारखान्यात एका ऑपरेटरची सेवा ८ वर्षे ७ महिने झाली आहे. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून त्याला महिना २६ हजार रुपये मिळतात. हिशेब सोपा राहावा म्हणून इतर भत्ते नाहीत असे धरू.

कारखान्यात सुट्या वगळून २० दिवस लेऑफ झाला. २६ दिवसांचा महिना धरला तर रोजचे वेतन १ हजार रुपये. त्याच्या निम्म्याने २० दिवसांचे १० हजार रुपये मिळतील आणि नोकरी कायम राहील.

आता लेऑफ न होता थेट कपात झाली असे धरू. सात महिने सहापेक्षा जास्त असल्याने सेवा ९ वर्षे मोजली जाईल. १५ दिवसांचे म्हणजे अर्ध्या महिन्याचे वेतन १३ हजार, म्हणून भरपाई १ लाख १७ हजार. नोटीस दिली नसेल तर आणखी २६ हजार. ग्रॅच्युइटी वेगळी : त्यात महिना २६ दिवसांचा धरतात, म्हणून १५ दिवसांचे १५ हजार आणि ९ वर्षांचे १ लाख ३५ हजार. एकूण २ लाख ७८ हजार रुपये. शिल्लक रजेचे पैसे आणि पीएफ यात धरलेले नाहीत. नव्या संहितेनुसार मालकाने आणखी १५ दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे असते आणि ते ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवे.

टर्मिनेशन : एकाच शब्दात अनेक अर्थ

'टर्मिनेशन' म्हणजे फक्त सेवासमाप्ती. कारण काय, हे त्या शब्दातून कळत नाही. कारण गैरवर्तनाचे असेल तर ती बडतर्फी. त्यात नोटीस किंवा कपातीची भरपाई मिळत नाही, पण आधी आरोपपत्र आणि चौकशी लागते. चौकशीसाठी निलंबित केल्यास पहिले ९० दिवस निम्मे वेतन निर्वाह भत्ता म्हणून मिळते. कमावलेला पगार आणि पीएफ बडतर्फीतही बुडत नाही. ग्रॅच्युइटीही सरसकट जात नाही. मालमत्तेचे नुकसान, हिंसक वर्तन किंवा नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा ठरावीक कारणांनीच ती रोखता येते.

व्यवस्थापक 'कामगार' या व्याख्येत येत नाहीत. महिना १८ हजारांपेक्षा जास्त वेतन घेणारे पर्यवेक्षकही त्याबाहेर आहेत. त्यांची नोटीस नियुक्तीपत्रात लिहिली असेल तेवढीच. इंजिनिअरच्या बाबतीत मात्र पदाच्या नावापेक्षा तो प्रत्यक्षात कोणते काम करतो, हे पाहिले जाते. त्यामुळे 'मॅनेजर' असे पद लिहिले म्हणून हक्क आपोआप संपत नाही.

खरी अडचण राजीनाम्याची

अनेक ठिकाणी कपातीचे पत्र दिलेच जात नाही. एचआर मीटिंगला बोलावते आणि 'स्वतःहून राजीनामा द्या, रेकॉर्ड चांगले राहील' असे सांगते. सही झाली की कागदावर ती स्वेच्छेची एक्झिट ठरते. वरच्या उदाहरणातल्या ऑपरेटरने अशी सही केली, तर १ लाख १७ हजारांची भरपाई आणि नोटीसचे वेतन दोन्हींवरचा दावा कमकुवत होतो. ग्रॅच्युइटी तेवढी शाबूत राहते. नंतर राजीनामा दबावाखाली घेतला, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावरच येते.

म्हणूनच सही करण्याआधी सेवासमाप्तीचे कारण लेखी मागणे महत्त्वाचे ठरते. मीटिंगमध्ये काय सांगितले गेले, ते त्याच दिवशी ईमेलने एचआरला कळवले तर तारखेसह पुरावा राहतो. नियुक्तीपत्र, पगाराच्या स्लिप आणि पीएफचे पासबुक कंपनीचा लॉगिन बंद होण्याआधीच स्वतःकडे घ्यावे. वाद झाल्यास कामगार आयुक्त कार्यालयात तक्रार करता येते, पण त्यासाठी मुदत आहे. वाद निर्माण झाल्यापासून दोन वर्षे उलटली की समेट अधिकारी प्रकरण हाती घेत नाही.