पाच भागिले आठ

रिइम्बर्समेंट क्लेम म्हणजे आधी हॉस्पिटलचं बिल आपण भरायचं आणि मग आपलेच पैसे परत मिळावेत म्हणून कागद गोळा करत फिरायचं. डिस्चार्ज समरी, तपशीलवार बिल, पावत्या, प्रिस्क्रिप्शन्स, रिपोर्ट, कॅन्सल्ड चेक. सगळं दिलं की एक क्वेरी येते. तिचं उत्तर दिलं की दुसरी. ही दिरंगाई सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे तिच्यावरच चिडतात. खरी गोम मात्र शेवटी येणाऱ्या सेटलमेंट लेटरमध्ये असते, आणि ते कुणी धड वाचत नाही.

माझ्या एका सहकाऱ्याचंच उदाहरण घ्या. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन, चार दिवस मुक्काम. विमा ५ लाखांचा, रूम रेंटची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. मिळाली ती खोली ८,००० ची. बिल असं: खोली ३२,०००, सर्जन, भूल आणि ओटी मिळून ८०,०००, औषधं ३०,०००, तपासण्या १६,०००, आणि रजिस्ट्रेशन वगैरे न मिळणारे २,०००. एकूण १,६०,०००. हातात पडले ९८,७५०.

हा आकडा आला कुठून? कंपनीने २,००० वजा केले आणि उरलेल्या सगळ्याला ५/८ ने गुणलं. याला म्हणतात प्रपोर्शनेट डिडक्शन. का, तर महागड्या खोलीतल्या पेशंटला हॉस्पिटल सर्जनची फीसुद्धा जास्त लावतं. ठीक आहे, मान्य. पण क्रोसिनची गोळी खोली बघून महाग होते का हो?

नाही होत. म्हणूनच विमा नियामकाने २०२० मध्ये सांगितलं की ही कात्री औषधं, कन्झ्युमेबल्स, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावायची नाही. आयसीयूलाही नाही. पॉलिसीत ‘असोसिएटेड मेडिकल एक्स्पेन्सेस’ची व्याख्या असते, ती काढून वाचा. त्या हिशोबाने खोलीचे २०,०००, सर्जन वगैरेचे ५०,००० आणि औषधं-तपासण्यांचे पूर्ण ४६,०००, म्हणजे १,१६,००० मिळायला हवे होते. सरळ १७,२५० कमी दिले.

पुढचं तर आणखी महत्त्वाचं. ज्या हॉस्पिटलात सर्जन-ओटीचे दर खोलीप्रमाणे बदलतच नाहीत, तिथे त्यांनाही कात्री नाही. या हॉस्पिटलात बदलत नव्हते. तसं पत्र बिलिंग काउंटरवरून आणलं की देय रक्कम होते १,४६,०००. एका कागदाची किंमत तीस हजार! एवढ्या क्वेऱ्या पाठवणारी कंपनी नेमका हाच कागद कधी मागत नाही. याला मी चूक म्हणत नाही. चूक असती तर कधीतरी ती आपल्या फायद्याचीही झाली असती.

तेव्हा प्रत्येक कपातीसाठी पॉलिसीचं कलम लेखी मागा. कंपनीच्या तक्रार विभागाने महिनाभरात दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जा. तिथे फी नाही, वकील नाही. पाच भागिले आठ करता आलं की पुरे.