उताऱ्यावरून गटचर्चा : सरावाचे प्रश्न कसे काढावेत?



लेखी परीक्षा पास होऊन पुढच्या फेरीत गळणाऱ्या मुलामुलींच्या पालकांची नेहमी एक तक्रार असते, 'पोरगं हुशार आहे, पण चारचौघांत बोलत नाही.' या फेरीला गटचर्चा म्हणतात. क्लार्कच्या भरतीत ती सहसा नसते. परंतु स्टेट बँकेच्या प्रोबेशनरी ऑफिसरच्या निवडीत मुलाखतीबरोबर समूहचर्चेची फेरी असते, सैन्यदलाच्या अधिकारी निवडीत ती असते, आणि खाजगी कंपन्या व सामाजिक संस्था तर ती सर्रास घेतात. आठ-दहा उमेदवार गोलाकार बसवतात. काही ठिकाणी नुसता विषय देतात, तर काही ठिकाणी अर्ध्या पानाचा उतारा देतात. उतारा वाचायला पाच मिनिटे आणि बोलायला दहा-पंधरा मिनिटे मिळतात. परीक्षक बाजूला बसून टिपणे घेत असतात. आज आपण उताऱ्याच्या प्रकाराविषयी बोलू, कारण त्याचा सराव घरी बसून करता येतो.

उतारा आपल्याच भागातला घेऊ. आमच्या उमापूरच्या सरावात हाच वापरला होता :

'बीड जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर देतो. त्यामुळे लग्न झालेल्या मुलाला उचल मिळणे सोपे जाते. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी आहे. मुले गावीच राहून शिकावीत म्हणून हंगामी वसतिगृहे चालवली जातात. तरीही वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आईबाप धजत नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४३.७ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षांच्या आत झाल्याचे आढळले. संपूर्ण राज्याचा आकडा २१.९ टक्के आहे. बालविवाह थांबवायचे असतील तर कायद्याची कडक अंमलबजावणी झाली पाहिजे.'

आता यावर सरावाचा प्रश्न काढा असे सांगितले की दहातले आठजण लिहितात, 'बालविवाह योग्य की अयोग्य?' हा प्रश्न चर्चेला कुचकामी आहे. योग्य म्हणणारा कोणी सापडणार नाही. सगळे एका सुरात निषेध करतील आणि दोन मिनिटांत चर्चा आटपेल. प्रश्न चुकला हे ओळखण्याची खूण हीच. तिसरा माणूस पहिल्याचेच वाक्य फिरवून बोलू लागला की तो प्रश्न टाकून द्यावा. चांगल्या प्रश्नात दोन्ही बाजूंनी खरे बोलता आले पाहिजे.

असा प्रश्न शोधायचा तर उतारा पेन्सिल घेऊन वाचावा. जे घडलेले किंवा मोजलेले आहे त्याखाली सरळ रेघ मारावी. जे लिहिणाऱ्याचे मत आहे त्याखाली नागमोडी रेघ मारावी. आणि उताऱ्यात जे यायला हवे होते पण आले नाही ते समासात लिहावे. आपल्या उताऱ्यात शेवटचे वाक्य हे मत आहे. अगोदरची सहा-सात वाक्ये कारणे सांगतात ती उचलीची, कोयत्याची आणि मुलीच्या सुरक्षिततेची, आणि शेवटचे वाक्य उपाय सांगते तो कायद्याचा! कारण एका बाजूला आणि उपाय दुसऱ्या बाजूला. उतारा जिथे असा सांधा बदलतो तिथेच प्रश्न दडलेला असतो : 'उचल कोयत्यावर मिळत असताना नुसत्या कायद्याने बालविवाह थांबतील काय?' यावर 'होय'ही म्हणता येते आणि 'नाही'ही.

समासातून दुसरा प्रश्न निघतो. कायदा चौदा वर्षांपर्यंत शाळेची हमी देतो, तर मुलीच्या लग्नाचे वय अठरा आहे. मधल्या चार वर्षांबद्दल उतारा गप्प आहे. मग प्रश्न असा : 'पैसा एकाच कामापुरता असेल तर नववी ते बारावीच्या मुलींसाठी तालुक्याला निवासी वसतिगृह करावे, की फडाजवळच्या शाळेत त्यांची सोय करावी?' पैसा मर्यादित आहे ही अट मुद्दाम घालावी. ती नसली की प्रत्येकजण 'दोन्ही करावे' म्हणून मोकळा होतो. परीक्षकही असे पेच घालतात, कारण निवड करताना माणूस कसा विचार करतो हे त्यांना पाहायचे असते.

आकड्याकडे थोडे थांबून बघा, कारण तिथे पुष्कळजण घसरतात. ४३.७ टक्के हे कोणाचे? पाहणीच्या वेळी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या ज्या स्त्रिया होत्या त्यांचे. म्हणजे शंभरात सुमारे चव्वेचाळीस. त्यांची लग्ने पाहणीच्या काही वर्षे आधी झालेली. 'आज बीडमधल्या चव्वेचाळीस टक्के मुलींची बालवयात लग्ने होतात' असे म्हणणे चूक आहे. त्याहून मोठी चूक म्हणजे हा आकडा ऊसतोड कुटुंबांचा समजणे. तो सगळ्या जिल्ह्याचा आहे, त्यात शेतकरी आले, व्यापारी आले, नोकरदारही आले. उताऱ्यात ऊसतोडीची माहिती आणि हा आकडा शेजारी शेजारी ठेवल्यामुळे वाचणाऱ्याच्या मनात दोहोंची गाठ आपोआप बसते. ही गाठ जो शांतपणे सोडवून दाखवतो त्याच्याकडे परीक्षकांचे लक्ष गेल्याशिवाय राहत नाही. यावरचा सरावाचा प्रश्न : 'या आकड्यावरून ऊसतोडीमुळे बालविवाह होतात असे सिद्ध होते काय? होत नसेल तर आणखी कोणती माहिती लागेल?'

आता पहिला प्रश्न प्रत्यक्ष चर्चेत कसा चालला ते सांगतो. रविवारी विहारात आठजण बसवले, बारा मिनिटे लावली. एका पदवीधर मुलाने लगेच सुरुवात केली, 'आईबापांना तुरुंगात टाकले पाहिजे, त्याशिवाय हे लोक सुधारणार नाहीत.' आवाज मोठा होता, पण त्यात दोन दोष होते. एक म्हणजे 'हे लोक' हा शब्द. त्याच गोलात कोयत्यावर जाणाऱ्यांची मुले बसलेली होती, आणि नोकरीच्या ठिकाणीही बसलेली असतात. दुसरा दोष माहितीचा. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. लग्न लावणाऱ्याला आणि लावू देणाऱ्या पालकांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो, पण स्त्रीला तुरुंगवास देता येत नाही, असे त्याच कायद्यात म्हटले आहे. म्हणजे आईला तुरुंगात टाकताच येणार नाही.

दुसऱ्या मिनिटाला एक मुलगी बोलली, 'दादा, बाप तुरुंगात गेला तर उचल कोण फेडील? तीच मुलगी फेडील ना?' हा नेमका मुद्दा होता. परंतु ती एवढेच बोलून थांबली आणि तिच्यावरून तिघे एकदम बोलू लागले. पुढची तीन-चार मिनिटे नुसता गलबला. सातव्या मिनिटाला आतापर्यंत गप्प बसलेला एकजण म्हणाला, 'ताईंनी उचलीचा मुद्दा काढला तो राहून गेला. कायदा लग्न ठरल्यावर येतो, उचल लग्न ठरायच्या आधी येते. म्हणून उचल जोडीला न देता माणसाला दिली तर काय होईल, यावर बोलू या.' चर्चा तिथून मार्गी लागली. तो सबंध बारा मिनिटांत दोनदाच बोलला, पण टिपणे घेणाऱ्या दोघांनीही त्यालाच पहिले गुण दिले. पुढे कोणीतरी काढले की एकट्या माणसाला तोड जमत नाही, एकाने ऊस तोडायचा तर दुसऱ्याने मोळी बांधायची. म्हणजे हाही उपाय सरळ नाही. चांगल्या चर्चेत असे अडथळे पुढे येतात, आणि ते यावेत.

मुलीचा मुद्दा हरवला तो तिच्या बोलण्याच्या पद्धतीमुळे. तिने प्रश्न विचारला, पण त्यावरून काय ठरते ते सांगितले नाही. 'म्हणून केवळ शिक्षा वाढवून भागणार नाही, उचलीचा करार बदलावा लागेल' हे एक वाक्य जोडले असते तर तो मुद्दा दुसऱ्याला उचलावा लागला नसता. मुलींना मधेच तोडले जाते हेही खरे आहे. त्यावर आवाज चढवू नये. 'माझे एक वाक्य राहिले आहे, ते पूर्ण करते' असे म्हणून बोलत राहावे.

राहिला नाजूक भाग. त्या दिवशी एक मुलगा शेवटपर्यंत बोलला नाही. त्याचे आईबाप दरवर्षी तोडीला जातात. नंतर विचारले तर म्हणाला, 'आपल्या घरचं लोकांपुढं कशाला मांडायचं?' त्याचे म्हणणे मला पटते, घरची दुःखे मांडून गुण मागण्याची काही गरज नाही. पण या विषयातली सगळ्यात पक्की माहिती त्याच्याजवळ होती आणि ती न येताच चर्चा संपली. आम्ही त्याच्याकडून तीन वाक्ये तयार करून घेतली. पाहिले काय, त्यावरून दिसते काय, आणि ते कुठवर खरे : 'आमच्याकडून दोघे तोडीला जातात. मी आजीजवळ राहून शिकलो, बहीण आठवीनंतर आईबरोबर गेली. म्हणजे मुलाला मागे ठेवणारे घरही मुलीला ठेवीत नाही, निदान आमच्या वस्तीत असे मी तीन-चार घरांत पाहिले आहे.' यात रडगाणे नाही, आणि 'सगळीकडे असेच असते' असा दावाही नाही.

घरी सराव करायला आठजण नसले तरी चालते. चौघे बोलावेत आणि एकाने कागदावर नावे लिहून बसावे. नवा मुद्दा काढला तर नावापुढे उभी रेघ, दुसऱ्याचा मुद्दा पुढे नेला तर फुली, मधेच तोडले तर गोल. बारा मिनिटांनी कागद सगळ्यांनी पाहावा. नुसत्या रेघा असणारा ऐकत नाही, नुसत्या फुल्या असणारा स्वतः काही आणत नाही. प्रश्न आधी मराठीत चालवावा आणि दोन दिवसांनी तोच, जिथे अर्ज केला असेल तिथल्या भाषेत, इंग्रजीत किंवा हिंदीत, पुन्हा चालवावा. मुद्दे डोक्यात बसलेले असले की फक्त भाषेशी झुंजावे लागते.

याच उताऱ्यावरचा आणखी एक प्रश्न पुढच्या रविवारसाठी देतो. आपल्या राज्यात गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी ग्रामपंचायत अधिकारी असतो आणि १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनच्या नंबरावरही खबर देता येते. तेव्हा 'शेजारच्या घरात सोळा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले आहे. खबर द्यावी, की आधी घरच्यांशी बोलावे? बोलण्यात दिवस गेले आणि लग्न उरकले तर?' बारा मिनिटे लावा, आणि सुरुवात त्या दिवशी न बोललेल्याने करावी.