विश्लेषण : व्हीपीएनची ‘३० दिवसांत पैसे परत’ हमी… प्रत्यक्षात किती रुपये परत मिळतात?

मोबाइलवर व्हीपीएन ॲप घेताना ‘७ दिवस मोफत’ आणि ‘३० दिवसांत पैसे परत’ अशी दोन आश्वासने हमखास दिसतात. ती एकाच अर्थाची वाटली तरी तशी नाहीत. पैसे कार्डाने थेट कंपनीला दिले की ॲप स्टोअरमधून यूपीआयने, यावर नूतनीकरण कुठे थांबवायचे आणि परताव्यासाठी दार कोणाचे ठोठवायचे हे ठरते.

पैसे देतानाच कार्ड का नाकारले जाते?

व्हीपीएन विकणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्या परदेशी आहेत. त्यामुळे त्यांच्या संकेतस्थळावरचा व्यवहार बँकेच्या दृष्टीने आंतरराष्ट्रीय ठरतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२० मधील नियमानुसार नवे कार्ड फक्त देशांतर्गत एटीएम आणि दुकानांतील वापरासाठी सुरू होऊन येते. आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहाराची मुभा ग्राहकाने बँकेच्या ॲपमध्ये स्वतः द्यावी लागते. ही मुभा नसेल, किंवा रुपे कार्ड केवळ देशांतर्गत प्रकारचे असेल, तर व्यवहार तिथेच अडतो. भारतीय वॉलेटमधील शिल्लक अशा संकेतस्थळांवर सहसा चालतच नाही.

ॲप स्टोअरमधून खरेदी केल्यास हा अडथळा येत नाही. गुगल प्ले आणि ॲपल दोन्हीकडे यूपीआय चालते आणि किंमत रुपयांत दिसते. मात्र तिथली किंमत कंपनीच्या संकेतस्थळावरील दीर्घ मुदतीच्या सवलतीइतकी कमी असेलच असे नाही.

मोफत चाचणी आणि परताव्याची हमी यांत फरक काय?

मोफत चाचणीत सुरुवातीला शुल्क कापले जात नाही, पण यूपीआय किंवा कार्डावर ‘ऑटोपे’ची मंजुरी घेतली जाते. मुदत संपताच पहिले शुल्क आपोआप वळते होते. ॲप फोनमधून काढून टाकल्याने वर्गणी रद्द होत नाही. ती स्टोअरमधील सबस्क्रिप्शनच्या यादीत जाऊनच रद्द करावी लागते. ॲपलच्या बाबतीत हे मुदत संपण्याच्या किमान २४ तास आधी करावे लागते. म्हणजे सात दिवसांच्या चाचणीत निर्णय सहाव्या दिवशीच घ्यायचा असतो.

परताव्याच्या हमीत मात्र पूर्ण रक्कम आधी जाते. दिवस मोजले जातात ते खरेदीच्या तारखेपासून. ॲप उशिरा सुरू केले तरी मुदत वाढत नाही. स्वयंनूतनीकरण बंद करणे म्हणजे परतावा मागणे नव्हे, हा येथील सर्वांत महाग पडणारा गैरसमज आहे. नूतनीकरण बंद केले तरी भरलेले पैसे कंपनीकडेच राहतात. परताव्यासाठी ग्राहक सेवेच्या चॅट किंवा ईमेलवर स्वतंत्र मागणी करावी लागते. अटीही सारख्या नसतात. प्रोटॉन व्हीपीएन ३० दिवसांत न वापरलेल्या काळापुरतेच पैसे परत करते. मात्र तिची मर्यादित मोफत सेवा कार्ड न देताही वापरता येते.

७,४९७ रुपये भरले, परत किती?

समजा, दोन वर्षांच्या योजनेसाठी करासह ८० डॉलर कार्डाने भरले आणि बँकेने डॉलरला ९० रुपये दर लावला. मूळ रक्कम झाली ७,२०० रुपये. बँक त्यावर परकीय चलन शुल्क लावते. ते साडेतीन टक्के धरले तर २५२ रुपये होतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटीचे ४५ रुपये. एकूण ७,४९७ रुपये गेले.

विसाव्या दिवशी परतावा मागितला आणि कंपनीने ८०च्या ८० डॉलर परत केले. पण तोवर बँकेचा दर ८९ रुपये झाला असेल, तर खात्यात ७,१२० रुपये येतात. चलन शुल्क आणि त्यावरील कर बँका सहसा परत करत नाहीत. कंपनीने हमी पूर्ण पाळूनही ग्राहकाचे ३७७ रुपये गेले. खरेदी रुपयांत आणि भारतीय पेमेंट व्यवस्थेतून झाली असती, तर ही घट झाली नसती.

नूतनीकरणाचे पैसे ओटीपीशिवाय कसे कापले जातात?

ऑक्टोबर २०२१ पासून लागू झालेल्या ई-मँडेट नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ओटीपी लागतो. पुढच्या प्रत्येक वजावटीआधी किमान २४ तास सूचना देणे बँकेला बंधनकारक आहे. पण ओटीपी पुन्हा लागतो तो १५ हजार रुपयांपेक्षा मोठ्या रकमेला. व्हीपीएनचे शुल्क बहुधा त्याखालीच असते. त्यामुळे आदल्या दिवशीचा एसएमएस हीच शेवटची संधी ठरते. पहिली सवलत संपल्यावर नूतनीकरणाचा दर बराच जास्त असू शकतो, म्हणून त्यातील रक्कम वाचणे महत्त्वाचे.

मंजुरी रद्द करण्याची सोय बँकेच्या ॲपमध्ये ‘ई-मँडेट’ आणि यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ विभागात असते. परदेशी संकेतस्थळांवरील काही व्यवहार ओटीपी न विचारताही होतात. त्यामुळे खरेदी झाल्यावर कार्डाची आंतरराष्ट्रीय ऑनलाइन मुभा पुन्हा बंद करणे सुरक्षित.

परतावा अडला तर कोणाकडे जायचे?

खरेदी ॲपलमधून असेल तर व्हीपीएन कंपनी परतावा देऊ शकत नाही, मागणी reportaproblem.apple.com येथेच करावी लागते आणि निर्णय ॲपलचा असतो. गुगल प्लेवर पहिल्या ४८ तासांत गुगलकडे मागणी करता येते. त्यानंतर ॲपच्या कंपनीकडे जावे लागते.

थेट कार्डाने खरेदी असेल तर कंपनीकडूनच मागणी सुरू होते. कंपनी ‘पैसे पाठवले’ म्हणते आणि बँक ‘आले नाहीत’ म्हणते, अशा वेळी कंपनीकडून एआरएन हा परताव्याचा २३ अंकी संदर्भ क्रमांक मागावा. त्यावरून बँकेला रक्कम शोधता येते. कंपनी हमी असूनही पैसे देत नसेल, तर खरेदीच्या दिवशीच्या अटींचा स्क्रीनशॉट आणि मुदतीत केलेल्या मागणीचा ईमेल जोडून बँकेकडे ‘चार्जबॅक’ मागता येतो. मात्र चाचणी रद्द करायला विसरल्याने कापलेली रक्कम ‘अनधिकृत व्यवहार’ ठरत नाही, कारण मंजुरी ग्राहकानेच दिलेली असते.

याउलट, रद्द केलेल्या मँडेटवर पैसे कापले गेले तर तक्रार थेट बँकेकडे करता येते. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in येथे दाद मागता येते. मँडेट रद्द केल्याचा एसएमएस तिथे पुरावा म्हणून उपयोगी पडतो. तो जपून ठेवावा.