एका वाक्यात शिरलेला आत्मा

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळीतल्या एका काकू वारल्या. माणसं मूळची भंडाऱ्याकडची. काका भिलाईच्या कारखान्यात लागले आणि कुटुंब खुर्सीपारात आलं ते इथलंच झालं. मीही तसाच आलेला. कारखान्यातून निवृत्त झालो, आणि गेली वीसेक वर्षं वस्तीत बौद्धाचार्य म्हणून नामकरणापासून अंत्यविधीपर्यंत जिथे बोलावतील तिथे जातो. अंत्यविधी नीट पार पडला. चौथ्या दिवशी काकूंचा मुलगा घरी आला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, "काका, जलदान विधी या व्हिडिओत सांगतला तसाच करू. आईच्या आत्म्याले शांती भेटली पाहिजे."

मी तो व्हिडिओ दोनदा पाहिला. नऊ मिनिटांचा आहे. मागे बुद्धवंदनेची धून, पडद्यावर कमळं, आणि जन्मापासून मृत्यूपर्यंतचे 'बौद्धांचे सोळा संस्कार', प्रत्येकाला एक वाक्य. गर्भमंगल बाळाच्या रक्षणासाठी करतात. नामकरण बाळाला ओळख मिळावी म्हणून करतात. विवाह दोन जीवांच्या मीलनासाठी करतात. आणि शेवटी, जलदान विधी मृताच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून करतात. करणारी मुलं आपलीच असावीत, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. माझं भांडण त्या वाक्याशी आहे आणि संस्कार एका वाक्यात सांगण्याच्या त्या पद्धतीशी आहे. चूक त्या पद्धतीतूनच आली, असं माझं म्हणणं आहे.

आधी सोळा या आकड्याबद्दल. हा आकडा आपला नाही. ब्राह्मणी परंपरेतसुद्धा तो पक्का नव्हता. गौतम धर्मसूत्रात चाळीस संस्कार मोजले आहेत आणि गृह्यसूत्रांच्या याद्या एकमेकींशी जुळत नाहीत. पुढे सोळा रूढ झाले. आता कोणी बौद्ध संस्कारांचा व्हिडिओ करायला बसला की सोळा घरं आधीच आखलेली असतात आणि ती भरावी लागतात. मग निष्क्रमणाच्या घरात 'विहारदर्शन' येतं, उपनयनाच्या घरात 'धम्मदीक्षा' येते, समावर्तनाच्या घरात नोकरी लागल्याचा संस्कार येतो. आमच्या वस्तीत मी असा संस्कार कधी केलेला नाही, कोणी मागितलेलाही नाही. इथे प्रत्यक्षात होतं ते नामकरण, लग्न, गृहप्रवेश, अंत्यविधी आणि जलदान. चार-पाच विधी आहेत, आणि ते थोडे आहेत यात कमीपणा काही नाही.

आता ते शेवटचं वाक्य. विधीचं एका वाक्यात वर्णन करायचं तर वाक्याची ठेवण ठरून जाते: अमुक व्हावं म्हणून अमुक करतात. त्या 'म्हणून'च्या आधी काहीतरी घालावंच लागतं. लग्नात एक वेळ ते भागतं. मृत्यूच्या विधीत मात्र ती जागा आपल्या भाषेत शेकडो वर्षं एकाच गोष्टीने भरलेली आहे, श्राद्धाच्या हेतूने. म्हणून लिहिणाऱ्याच्या हातून आत्मा आपोआप तिथे येऊन बसतो. काकूंच्या घरी पत्रिका छापायला दिली, तर छापखान्यातल्या तयार नमुन्यात 'आत्मा की शांति हेतु' हे आधीच जुळवून ठेवलेलं होतं. मुलाने फक्त नाव आणि तारीख बदलली. छापखान्याने जे केलं तेच व्हिडिओने केलं.

अनात्म हा धम्माचा पाया आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या निधनानंतर 1957 साली प्रसिद्ध झाला. त्यात अधम्म कशाला म्हणावं याची जी मांडणी आहे, तीत आत्म्यावरचा विश्वास स्पष्टपणे घातलेला आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या गेल्या, त्यांतल्या दोन थेट संस्कारांबद्दल आहेत. श्राद्ध आणि पिंडदान करायचं नाही ही एक, आणि ब्राह्मणाच्या हातून कोणताही विधी करून घ्यायचा नाही ही दुसरी. दुसरी आपण पाळली, कारण ती डोळ्यांना दिसते. पहिली मात्र पिंड न ठेवताही मोडता येते. त्यासाठी एक वाक्य पुरतं.

मग जलदानात काय होतं? बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात. मेणबत्ती, अगरबत्ती लावतात, फुलं वाहतात. सगळे मिळून त्रिशरण आणि पंचशील घेतात. त्यानंतर घरची माणसं एका भांड्यातून खालच्या वाटीत पाण्याची बारीक धार धरतात. धार सलग असावी लागते आणि वाटी भरून पाणी बाहेर ताटात सांडेपर्यंत थांबायचं नसतं. तेवढ्या वेळात पाली गाथा म्हटली जाते. नंतर दान होतं, मग गेलेल्याबद्दल चार माणसं बोलतात आणि शेवटी सरणत्तय होतं.

ती गाथा खुद्दकपाठातल्या तिरोकुड्ड सुत्तातली आहे. भरून वाहणाऱ्या नद्या जशा सागर भरतात, तसं इथे दिलेलं दान गेलेल्यांना पोचतं, असा तिचा आशय. त्याच सुत्तात असंही सांगितलं आहे की रडण्याचा, शोक करण्याचा गेलेल्यांना काही उपयोग नाही. मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याने मला बरोबर पकडलं. म्हणाला, "मंग काका, पोचते ना? आत्माच झाला ना तो."

त्याचा प्रश्न खोटा नाही, आणि इथे मी सोपं उत्तर देणार नाही. सुत्तात नातलग भिंतीबाहेर, चौकात, दाराशी येऊन उभे राहतात. हे 'पेत' आहेत, म्हणजे मेल्यावर दुसऱ्या गतीत जन्मलेले जीव. नित्य, न बदलणारा, देहातून निघून शांतीसाठी ताटकळणारा आत्मा तो हा नव्हे. जुनी थेरवादी समजूत अशी की आपण दान करतो, ते त्यांच्या नावाने देतो आणि ते त्या पुण्याचं अनुमोदन करतात. पुण्यानुमोदन हा शब्द तिथूनच आला आहे. आपल्यातले कित्येक जण पेतही मानत नाहीत. त्यांच्या लेखी दान जिवंत माणसांसाठीच असतं आणि गाथा ही आठवण असते. या दोन मतांत वाद आहे आणि तो असू द्यावा. पण दोन्ही मतांत विधीचं वजन देण्यावर आहे. घरचे काय देणार, कोणाला देणार, हे त्या दिवशी ठरायला हवं. व्हिडिओतल्या वाक्यात दान नाही. सांडेपर्यंत धरायची धार नाही. ती कोणी धरायची हेही नाही.

कोणी धरायची, हा प्रश्न काकूंच्या घरी लगेच उभा राहिला. व्हिडिओत एक तरुण पाणी सोडताना दिसतो. त्यावरून मुलाने ठरवलं की पाणी मुलानेच सोडायचं. काकूंना दोन मुली आहेत. आईच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता आणि त्या वेळी कोणी हरकत घेतली नव्हती. जलदानाच्या वेळी मात्र त्या मागे बसणार होत्या, कारण चित्रात त्या नव्हत्या. गोंदियाहून आलेल्या मामाने आणखी सुचवलं की तेरावा दिवस धरू, आणि खीर आधी पानावर घालून गच्चीवर ठेवू. मुलाने डोकं करायचं हेही निघालं. पिंड हा शब्द कोणी उच्चारला नाही. पण दिवस मोजून तेराच धरायचा, गच्चीवर पान ठेवायचं आणि मुलगा मुलींहून वेगळा काढायचा, या तीन गोष्टी एका घरात दिसल्या की श्राद्ध परत आलं असं समजावं, वर गाथा कोणतीही चाललेली असो.

माझ्यावर आक्षेप येणार ते मला ठाऊक आहेत. खुर्सीपारातली मुलं हिंदी शाळेत शिकतात, शेजारी तेलुगू आणि छत्तीसगढी बोलतात, घरात मराठी ऐकतात पण वाचत नाहीत. पालीचं पुस्तक त्यांच्या हाती दिलं तर ते फडताळात पडून राहील. बापाची रात्रपाळी, मुलाची ठेकेदाराकडची नोकरी, मग नऊ मिनिटांत समजत असेल तर काय वाईट? आणि बौद्धाचार्य तरी किती उरले आहेत? हे सगळं खरं आहे. व्हिडिओ नकोच असं मी म्हणत नाही. पण तो एकाच विधीचा असावा आणि पूर्ण असावा. वीस मिनिटं लागली तरी चालतील. भांडं कोणतं, पाणी किती, गाथा कुठे सुरू होते, मुलगी पाणी सोडतेय, दान म्हणून वस्तीतल्या एखाद्या पोराची शाळेची फी भरली जातेय, हे डोळ्यांनी दिसू द्या. 'कशासाठी' हे वाक्य गाळा. पाहणाऱ्याला प्रश्न पडला तर तो कोणाला तरी विचारेल, आणि तिरोकुड्डाचा वाद त्याच्यापर्यंत पोचेल. तयार वाक्य मिळालं की विचारायला काही उरत नाही.

मला नेहमी 7 डिसेंबर 1956 चा दिवस आठवतो. दादरच्या चौपाटीवर बाबासाहेबांचा अंत्यविधी बौद्ध पद्धतीने झाला, आणि तिथेच भदंत आनंद कौसल्यायन यांनी जमलेल्या अफाट समुदायाला धम्माची दीक्षा दिली. त्या विधीत मागे राहिलेल्या माणसांनी स्वतःहून एक जबाबदारी घेतली. 'आत्म्याच्या शांतीसाठी' या साच्यात तो दिवस बसवून पाहा, बसत नाही.

काकूंच्या घरी शेवटी रविवार धरला, कारण त्या दिवशी तिन्ही भावंडांना सुट्टी होती. तो अकरावा दिवस होता, पण कोणी मोजला नाही. पत्रिका छापून झाल्या होत्या, त्यावरची ओळ मुलाने पेनाने खोडली. सगळ्यांवरची नाही, निम्म्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. पाणी तिघांनी एकाच तांब्याला हात लावून सोडलं. मामा खिरीचं पान घेऊन गच्चीवर गेले. मी त्यांना अडवलं नाही. मात्र गाथा संपल्यावर तिचा अर्थ मी हिंदीत आणि मराठीत सांगितला, आणि पेतांबद्दल आपल्यात दोन मतं आहेत हेही सांगितलं. धाकटी मुलगी जेवणानंतर येऊन बसली आणि म्हणाली, दोन्ही मतं लिहून द्या, व्हिडिओखाली टाकते. मी लिहून दिली आहेत.