फोन उचलणाऱ्यांचा पगार

केंद्र सरकारच्या ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनसाठी 2023-24 च्या अर्थसंकल्पात सुमारे 134 कोटी रुपयांची तरतूद होती. पुढच्या वर्षी ती 90 कोटींवर आली आणि 2025-26 मध्ये 80 कोटींच्या आसपास. 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झाला, तो चोवीस तास चालतो आणि राज्याराज्यांतल्या कक्षांतून उचलला जातो. क्रमांक लोकांपर्यंत जसजसा पोहोचतो तसतसे कॉल वाढणार, हे उघड आहे. अशा सेवेची तरतूद घटते तेव्हा कात्री नेमकी कशाला लागते, हे पाहायला हवे.

त्यासाठी एका कक्षाचा हिशेब मांडू. आकडे आम्ही गृहीत धरलेले आहेत, पण गणित कुठल्याही कक्षाला लागू पडेल. दिवसाला 200 कॉल येतात असे समजा. बोलणे सरासरी 25 मिनिटे, त्यानंतर नोंद करायला 10. म्हणजे दिवसाला सुमारे 117 तासांचे काम झाले. 24 ने भागले तर एका वेळी पाच समुपदेशक पुरतील असे वाटते, आणि कागदावरची योजना बहुधा इथेच फसते. कॉल रांगेत उभे राहून येत नाहीत. रात्री नऊनंतर ते एकदम येतात, पहाटे तुरळक होतात. पुढचा फोन लगेच उचलला जावा, तर समुपदेशकाचा 60 टक्क्यांहून अधिक वेळ गुंतलेला असता कामा नये. म्हणजे 117 तासांच्या कामासाठी रोज 195 तास कुणीतरी फोनजवळ हवे, आठवड्याला 1,365 तास. रजा, प्रशिक्षण, विश्रांती आणि पर्यवेक्षणाच्या बैठका वजा जाता एक समुपदेशक आठवड्यात 32 तास फोनवर बसू शकतो. म्हणून लागतात 43 जण.

महिना 35 हजार पगार आणि भविष्यनिर्वाह निधी धरला, तर वर्षाला दोन कोटी होतात. पाच पर्यवेक्षकांचे 36 लाख, लाइन, कॉल वळवणारी यंत्रणा आणि ध्वनिमुद्रणाचे 12 लाख, प्रशिक्षणाचे दहा लाख. एकूण खर्चातले दर दहापैकी नऊ रुपये माणसांवर जातात. नव्या लाइनच्या उद्घाटनाचे छायाचित्र छापून येते खरे, पण लाइन हा या सेवेतला स्वस्त भाग आहे.

आता खर्च वाचवायचा म्हणून 43 चे 28 करा. रोज 128 तास हाती उरतात आणि काम 117 तासांचे. प्रत्येक समुपदेशक 90 टक्क्यांहून अधिक वेळ गुंतलेला. माणसे एकतृतीयांशाने कमी झाली, म्हणून प्रतीक्षा तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही. ती कित्येक पटींनी वाढते, आणि सर्वात जास्त रात्री, जेव्हा फोन करणाऱ्याजवळ दुसरे कुणीच नसते. वार्षिक अहवालात मात्र ‘आलेले कॉल’ तेवढेच दिसतात. उचलण्याआधीच तुटलेले कॉल, ते कुठल्या तासाला तुटले आणि सरासरी बोलणे 25 मिनिटांवरून आठवर आले का, या तीन नोंदी पाहिल्या तर खरी स्थिती कळते. बोलणे आखडले याचा अर्थ रांग दिसल्यामुळे समुपदेशक घाई करू लागला आहे.

पैसे कमी पडले की पहिला बळी पर्यवेक्षणाचा जातो, कारण ते बंद झाल्याचे बाहेरून कुणालाच दिसत नाही. जिवाला धोका असलेला कॉल चालू असताना वरिष्ठाने तो सोबत ऐकायचा असतो. कॉल संपल्यावर त्या समुपदेशकाला पुढच्या कॉलवरून काही काळ बाजूला घेऊन बोलायचे असते. आठवड्यातून एकदा ध्वनिमुद्रण ऐकून, कुठे सल्ला देण्याची घाई झाली, कुठे धोक्याबद्दल थेट विचारायचे राहून गेले, हे तपासायचे असते. ध्वनिमुद्रण कुणी ऐकावे आणि ते किती काळ ठेवावे, याचे कडक नियमही इथेच लागतात. हे आधार काढून घेतले की चांगली माणसे आधी जातात. कंत्राट अकरा महिन्यांचे असेल तर जाणे आणखी सोपे होते. वर्षात 14 जण गेले, तर नव्या प्रत्येकाच्या तयारीचे किमान दोन पगार धरून दहा लाख रुपये जातात. प्रशिक्षणाची सगळी तरतूद गळती भरण्यातच संपते आणि टिकून राहिलेल्यांच्या वाट्याला उजळणीही येत नाही.

मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने उपचार मिळणे हा नागरिकाचा हक्क ठरवला आहे. राष्ट्रीय नोंदीत आत्महत्यांच्या संख्येत महाराष्ट्र वर्षानुवर्षे सर्वांत वर आहे. राज्याच्या वित्त विभागाने मार्चच्या अर्थसंकल्पात आपल्या वाट्याची तरतूद लाइनच्या संख्येवर नव्हे, तर रात्री फोनजवळ बसणाऱ्या माणसांच्या संख्येवर ठरवावी. समुपदेशकांचे करार किमान तीन वर्षांचे असावेत. तुटलेल्या कॉलचे तासवार आकडे आरोग्य विभागाने दर महिन्याला जाहीर करावेत. आणि पर्यवेक्षणाचे लेखाशीर्ष वेगळे ठेवून त्यातला रुपया जाहिरातीकडे किंवा यंत्रसामग्रीकडे वळवण्यास मनाई करावी.