विश्लेषण : लासलगावचे कांदाभाव वेबसाइटवरून उतरवून घेता येतात का?

कांद्यावर प्रोजेक्ट करायचा म्हटले की पहिले नाव येते लासलगाव बाजार समितीचे. तिथले भाव केंद्र सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर कुणालाही पाहता येतात. मग प्रोग्राम लिहून पाच वर्षांचे भाव एका झटक्यात उतरवले तर बिघडले कुठे?

परवानगी कुणाची?

आधी data.gov.in पाहावे. बाजार समित्यांचे रोजचे भाव तिथे एपीआयने, म्हणजे पान न उघडता थेट आकडे मागण्याच्या अधिकृत सोयीने मिळतात. नोंदणी केली की स्वतःची की मिळते. इथली माहिती सरकारच्या २०१७ च्या खुल्या परवान्याखाली वापरता येते, फक्त स्रोताचा उल्लेख करावा लागतो. अनेक जण हा रस्ता न बघताच पाने खरवडत बसतात.

हवे ते तिथे नसेल, तरच पानांकडे वळावे. त्याआधी साइटच्या अटी आणि पत्त्यापुढे `/robots.txt` लिहून उघडणारी फाइल वाचावी. प्रोग्रामने कुठे जाऊ नये, हे तिच्यात असते. ही फाइल म्हणजे कायदा नव्हे, मालकाने दारावर लावलेली पाटी आहे.

वेग किती ठेवायचा?

२०२० ते २०२४ या पाच वर्षांचे दिवस होतात १,८२७. रोजचे एक पान धरले आणि दोन पानांमध्ये १० सेकंद थांबले, तरी काम साधारण पाच तासांत संपते. ते रात्री चालवावे आणि प्रोग्रामच्या ओळखीत आपला ईमेल द्यावा. सर्व्हरने ४२९ किंवा ५०३ हा कोड पाठवला, तर थांबावे. पुन्हा पुन्हा धडका देऊ नयेत.

घाईचा फटका आपल्यालाही बसतो. काही साइट अशा वेळी एरर न देता रिकामे पान पाठवतात. प्रोग्राम त्याची नोंद 'आवक नाही' अशी करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्काच्या निषेधार्थ नाशिक जिल्ह्यातले कांदा लिलाव खरोखर बंद होते. तक्त्यात ही खरी पोकळी आणि सर्व्हरने अडवल्याची खोटी पोकळी सारखीच दिसते. म्हणून मूळ पान, वेळ आणि आलेला कोड जपून ठेवावा. त्याच दिवशी पिंपळगावचेही पान रिकामे असेल, तर त्या दिवसाची बातमी शोधावी.

कायदा कुठे आडवा येतो?

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय डेटा उतरवणे आणि संगणकसेवा विस्कळीत करणे, या दोन्हींसाठी भरपाई मागू देते. उघड्या पानांना यातला पहिला भाग कितपत लागू होतो, यावर वाद आहे. सर्व्हर बंद पाडला तर मात्र बचाव अवघड. अप्रामाणिक हेतू सिद्ध झाला, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

भाव हा निव्वळ आकडा, शेतकऱ्याचा मोबाइल नंबर मात्र वैयक्तिक माहिती. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा माणसाने स्वतः जाहीर केलेल्या किंवा कायद्याने जाहीर कराव्या लागलेल्या माहितीला सूट देतो. दुसऱ्या कुणी टाकलेल्या नंबराला ती नाही. कांद्याच्या भावासाठी तो नंबर लागतच नाही, तेव्हा तो रकाना उतरवूच नये.